गुरुजींच्या व्हॉइस नोटवरून वास्तुशांतीची यादी आणि वेळापत्रक कसं बनवायचं

कोल्हापुरात फुलेवाडीला घर बांधून झालं आणि मार्गशीर्षातला एक सोमवार वास्तुशांतीला ठरला. गुरुजींना यादी मागितली तर म्हणाले, "वहिनी, लिहीत बसत नाही, बोलून पाठवतो." आल्या चार व्हॉइस नोट, मिळून सव्वाअकरा मिनिटांच्या. सासूबाईंनी एकदा ऐकल्या आणि पाच नारळ म्हणाल्या. दिराने ऐकल्या, तो सात म्हणाला. मी ऐकल्या तर सहा वाटले. मग वही घेऊन बसले.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. गुरुजी आठवेल तसं बोलतात. नारळावरून ओटी आठवते, ओटीवरून सवाष्ण, सवाष्णीवरून जेवण. आपल्याला मात्र वस्तू विकत घ्यायच्या असतात दुकानाच्या क्रमाने आणि वापरायच्या असतात विधीच्या क्रमाने. हे तिन्ही क्रम वेगळे, म्हणून व्हॉइस नोट ऐकत थेट यादी लिहायला गेलं की घोळ होतोच.

लागणारं सामान

- हेडफोन. फोनच्या स्पीकरवर "पाच" आणि "पाव" सारखेच ऐकू येतात.
- रुंद वही आणि तीन रंगांची पेनं.
- आवाज सावकाश करता येईल असा प्लेअर. व्हॉट्सॲपवर वेग वाढवता येतो, कमी करता येत नाही. क्लिप फोनमधल्या व्हीएलसीमध्ये उघडली की पाऊण वेगानेही ऐकता येते.
- घरातलं एक जुनं माणूस, शेजारी बसलेलं. आमच्याकडे सासूबाई होत्या.
- दीड-दोन तास. अकरा मिनिटांच्या बोलण्याला मला तेवढे लागले.

## 1. क्लिपा मूळ क्रमाने लावा

नवऱ्याने या क्लिपा मला पुढे पाठवल्या तेव्हा तिसरी आधी आली आणि पहिली शेवटी. तिसरीची सुरुवातच "आणि ते झालं की" अशी होती. काय झालं की? मूळ चॅट उघडून कोणती किती वाजता आली ते पाहिलं आणि त्यांना क-1 ते क-4 अशी नावं दिली. या क्लिपा स्टार करून ठेवा, नाहीतर आठवडाभरात नातेवाइकांच्या शुभेच्छांखाली गाडल्या जातात.

पहिल्यांदा ऐकताना पेन हातात घेऊ नका. सगळं एकदा ऐकलं की गुरुजी कुठे आधीचं बोलणं बदलतात ते कळतं. आमच्या गुरुजींनी क-1 मध्ये सांगितलेली फुलांची यादी क-4 मध्ये अर्ध्याहून जास्त फिरवली होती.

## 2. बोलले तसंच उतरवा, शेजारी वेळ टाका

इथे स्वच्छ मराठी लिहायचा मोह आवरा. डाव्या बाजूला क्लिपचा क्रमांक आणि मिनिट-सेकंद, उजवीकडे त्यांचेच शब्द. माझ्या वहीतल्या काही ओळी अशा होत्या:

> क-1, 1:20 – नारळ पाच घ्या.
> क-2, 0:45 – कलश दोन येतात, त्यावर नारळ.
> क-2, 2:05 – ओटीला एक नारळ धरा.
> क-3, 0:30 – समिधा नवग्रहांच्या, त्या सुट्ट्या बघून घ्या.
> क-3, 1:50 – पूर्णाहुतीला गोटा लागतोच.
> क-4, 0:40 – उंबऱ्यावर एक वाढवायचा.
> क-4, 2:30 – आग्नेयेला फरशीचं तेवढं बघून ठेवा.

मिनिट-सेकंद टाकल्याचा फायदा पुढे वाद झाला की होतो. "गुरुजी असं म्हणालेच नाहीत" असं कुणी म्हटलं की पाच सेकंदांत ऐकवता येतं.

न कळलेला शब्द अंदाजाने भरू नका. फुली मारा, ऐकू आला तसा लिहा आणि पुढे चला. समिधांच्या ठिकाणी मला "सुईच्या" ऐकू आलं. ते "रुईच्या" होतं. हे कसं सापडलं ते सांगण्यासारखं आहे. ग्रह नऊ, म्हणून समिधाही नऊ हव्यात. सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ. माझ्या वहीत मोजून आठच होत्या, त्यात एक "सुईची". म्हणजे एक चुकीची ऐकलेली आणि एक पूर्ण गाळलेली. परत ऐकलं तर खैराच्या वेळी मागून एसटीचा हॉर्न वाजत होता. ज्या नावात आकडा आहे (नवग्रह, पंचामृत, पंचपल्लव) तिथे आपली यादी त्या आकड्याइतकी भरते का ते नेहमी मोजा.

## 3. प्रत्येक ओळीला खूण करा

आता तीन पेनं घ्या. निळ्याने वस्तू, हिरव्याने कृती, लालने वेळ. एका वाक्यात तिन्ही असतील तर ते तीन ओळींत तोडा. "चरू तेवढा अकराच्या सुमारास तयार ठेवा" यात वस्तू आहे, स्वयंपाकघरातली कृती आहे आणि वेळही.

हा चरू माझ्या खरेदीच्या यादीत दोन दिवस होता. महाद्वार रोडवरच्या पूजा साहित्याच्या दुकानात मी तो मागितलासुद्धा. दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार. चरू म्हणजे हवनात आहुती द्यायला शिजवलेला भात, मीठ न घातलेला. तो घरी करायचा असतो. तसंच नारळ "वाढवायचा" म्हणजे फोडायचा. माझ्या मुंबईच्या भाचीने त्यापुढे "नारळांची संख्या वाढवणे" असं लिहिलं होतं.

खुणेशेजारी आणखी एक अक्षर टाका, वस्तू कोण आणणार याचं. गु म्हणजे गुरुजी, घ म्हणजे घर, दु म्हणजे दुकान. गुरुजींच्या बोलण्यात "ते आम्ही बघतो" आणि "ते बघून ठेवा" अगदी जवळजवळ येतात. वास्तुप्रतिमा, दर्भ आणि आसनं ते आणणार होते. हवनकुंड मात्र आम्ही त्यांच्याकडे आहे असं धरून चाललो होतो. होतं त्यांच्याकडे, पण खालच्या विटा आणि वाळू आमच्या माथी होत्या.

## 4. गाठोडी सोडा, मग वापरावरून मोजा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा.

गुरुजींचे काही शब्द म्हणजे एकेक गाठोडं असतं. "पंधरा विडे मांडा" ही एक वस्तू नाही. एका विड्याला दोन पानं, एक सुपारी, एक नाणं. म्हणजे 30 विड्याची पानं, 15 सुपाऱ्या आणि रुपयाची 15 नाणी. पानं वरून फाटकी निघतात म्हणून 35 घ्या. नाणी आदल्या दिवशी शोधायला लागलात तर घरात सापडत नाहीत, भाजीवाल्याकडून आधीच जमवा. पंचामृत म्हणजे दूध, दही, तूप, मध, साखर. ओटी म्हणजे खण, नारळ, तांदूळ आणि तुमच्या घरच्या रीतीचं जे काही असेल ते. आणि सगळ्यात मोठं गाठोडं म्हणजे "बाकी नेहमीचं साहित्य". हळद-कुंकू, अक्षता, अष्टगंध, कापूर, उदबत्ती, वाती, जानवी, कापसाची वस्त्रं, समई, निरांजन, ताम्हण, पळी, पंचपात्र हे सगळं त्यात येतं. ज्याच्या घरी रोज पूजा असते त्याला हे उच्चारावंसंही वाटत नाही. नव्या घरात मात्र यातलं काहीच नसतं.

गाठोडी सुटली की नारळाकडे या. तीन माणसांची तीन उत्तरं आली कारण प्रत्येकाने क्लिपमधले आकडे धरले. आकडे सोडून वापर लिहा:

| कशाला | कुठे सांगितलं | किती |
|---|---|---|
| दोन कलशांवर | क-2 | 2 |
| गणपतीपुढे | क-1 | 1 |
| ओटीला | क-2 | 1 |
| उंबऱ्यावर फोडायला | क-4 | 1 |
| पूर्णाहुतीला | क-3 | 1 गोटा |

पहिल्या चार ओळींची बेरीज पाच. म्हणजे क-1 मधले "नारळ पाच" बरोबर होते आणि पूर्णाहुतीचा गोटा, म्हणजे सुकं अख्खं खोबरं, वेगळा. मी सहा म्हणत होते कारण गोट्यालाही नारळच धरलं होतं. दिराने क-1 चे पाच आणि कलशांचे दोन अशी बेरीज मारली होती. सासूबाई बरोबर होत्या, पण त्यांनाही का ते सांगता येत नव्हतं. आम्ही आणले सहा, कारण एक कुजका निघाला तर ऐन वेळी धावायला नको.

वापरावरून मोजूनही सांगितलेल्या आकड्याशी मेळ बसत नसेल तर तो प्रश्न गुरुजींसाठी राखून ठेवा. आपल्या मनाने जुळवून टाकू नका.

## 5. मापाचे शब्द दोनदा ऐका

आमचे गुरुजी सत्तरीचे. ते पावशेर म्हणतात, दुकानदार पाव किलो देतो, त्यात बिघडत नाही. खरा सापळा आहे "अदपाव". पावाचा निम्मा, म्हणजे 125 ग्रॅम. घाईने ऐकलं की तो "अर्धा पाव" न वाटता "अर्धा" वाटतो. मी मध अर्धा किलो आणला. पंचामृताला लागला चार चमचे, बाकीचा अजून आमच्या फ्रीजवर आहे.

वेळेच्या शब्दांनाही हेच लागू. "पावणेदहा" आणि "सव्वादहा" यांत अर्ध्या तासाचा फरक आहे. "दहाला" आणि "दहाच्या आत" हेही एक नव्हे. पहिल्या वेळी सुरुवात करायची, दुसऱ्या वेळी संपवायचं. वहीत वेळ नेहमी आकड्यात लिहा, 9:45 अशी, आणि पुढे सुरू की संप ते लिहा.

वस्तूंच्या नावांतही जोडगोळ्या असतात. बलीला सांगितलेला कोहळा म्हणजे पांढरट सालीचा, पेठ्याचा. लाल भोपळा नव्हे. लाह्या म्हटलं की साळीच्या की ज्वारीच्या ते विचारा.

## 6. आता वेळ मांडा, आणि बेरीज करा

गुरुजींनी क-3 मध्ये विधींना लागणारा वेळ ओघात सांगितला होता. गणपतीपूजन आणि पुण्याहवाचन पाऊण तास. मातृकापूजन आणि नांदीश्राद्ध अर्धा तास. वास्तुमंडल आणि ग्रह पाऊण तास. हवन सव्वा तास. बली आणि पूर्णाहुती अर्धा तास. प्रतिमा पुरणं आणि आरती वीस मिनिटं. क-4 मध्ये म्हणाले, "दीडला पानं वाढा."

सुरुवात कधी? क-1 मध्ये नुसतं "राहुकाळ टळला की बसू" एवढंच होतं. दिनदर्शिकेवर सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ असतो, म्हणून मी 9:00 लिहिलं. हे चुकलं. राहुकाळ म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या दिवसाच्या आठ सारख्या भागांतला एक, सोमवारी दुसरा. साडेसात ते नऊ हे गणित सूर्य सहाला उगवून सहाला मावळतो असं धरून केलेलं आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला कोल्हापुरात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. दिवस साधारण 11 तास 10 मिनिटांचा, एकेक भाग 84 मिनिटांचा. दुसरा भाग येतो 8:14 ते 9:38. गुरुजी पंचांगातलं गावचं बघतात, ते 9:45 म्हणाले. काही गुरुजी साडेसात-नऊच धरतात. म्हणून आपण हिशेब करून त्यांना शिकवायला जायचं नाही, फक्त नेमकी वेळ आकड्यात विचारून घ्यायची.

आता बेरीज. 45, 30, 45, 75, 30, 20 मिळून 245 मिनिटं. 9:45 ला सुरू केलं तर 1:50 होतात आणि पानं 1:30 ला वाढायची आहेत. वीस मिनिटं कुठून तरी यायला हवीत. फोनवर विचारलं तेव्हा उलगडा झाला. मंडलाच्या पाऊण तासात वीस मिनिटं मांडणीची होती आणि ती मांडणी त्यांचे सहकारी साडेआठला येऊन आधीच करून ठेवणार होते. पूजेला उरली 25 मिनिटं.

| वेळ | विधी | तोवर काय तयार हवं |
|---|---|---|
| 9:45 | संकल्प, गणपती, पुण्याहवाचन | पंचामृत, विडे, फुलं |
| 10:30 | मातृका, नांदी | तांदूळ, सुपाऱ्या |
| 11:00 | वास्तुमंडल, ग्रह | वस्त्रं, अक्षता |
| 11:25 | हवन | चरू, समिधा, तूप, तीळ |
| 12:40 | बली, पूर्णाहुती | बलीचा भात, कोहळा, गोटा |
| 1:10 | प्रतिमा पुरणं, आरती | नैवेद्य, उघडी फरशी |
| 1:30 | पानं | |

हा क्रम आमच्या गुरुजींचा. तुमच्याकडे शाखा आणि घराणं बदललं की एखादा विधी मागेपुढे होईल. ही माझी वेळापत्रकाची नक्कल उचलू नका, पद्धत उचला.

तिसरा स्तंभ माझ्या मते सगळ्यात कामाचा, कारण तो उलटा वाचता येतो. चरू 11:25 ला हवा म्हणजे तांदूळ 10:50 ला चढायला हवा, आणि त्या वेळी मी पाटावर असणार. मग भात कोण लावणार? जावेचं नाव तिथे लिहिलं. नैवेद्य 1:05 ला पानावर हवा म्हणजे पुरण आदल्या रात्री. स्वयंपाकघरासाठी या स्तंभाचा वेगळा कागद करून फ्रीजला लावा.

## 7. लांबचं काम आधी शोधा

सगळं मांडून झाल्यावर एक ओळ कुठेच बसेना. "आग्नेयेला फरशीचं तेवढं बघून ठेवा." अकरा मिनिटांतली चार सेकंदं. वास्तुप्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात, म्हणजे तिथे डबी मावेल एवढा खड्डा हवा आणि त्यावरची फरशी मोकळी हवी. आमच्या स्वयंपाकघराची फरशी बसून पंधरा दिवस झाले होते. गवंड्याला परत बोलवायचं, कटरने एक फरशी न तडकता काढायची, आणि संध्याकाळी व्हाइट सिमेंट लावून ती परत बसवायची. गवंडी तीन दिवसांनी मिळाला.

फ्लॅट असेल तर स्लॅबला हात लावता येत नाही, तेव्हा प्रतिमा कुठे ठेवायची हे पहिल्याच दिवशी विचारा.

म्हणून यादी पूर्ण झाली की प्रत्येक ओळीपुढे "किती दिवस आधी" असा एक आकडा टाका. गवंडी आठ दिवस. विटा-वाळू दोन दिवस. हवनकुंडाखाली विटांवर वाळूचा जाड थर नसेल तर नवी फरशी तापून तडकते. फुलं आणि पानं त्याच पहाटे.

## 8. गुरुजींना एकच फोन

सतरा वेळा फोन केला की सतराव्या वेळी "होईल हो वहिनी, काळजी नको" एवढंच उत्तर मिळतं. सगळ्या फुल्या एका कागदावर आणा, हो-नाही किंवा आकड्यात उत्तर येईल असे प्रश्न करा, आणि दुपारी जेवणानंतर गुरुजी मोकळे असताना लावा. माझे प्रश्न सात होते. त्यातले हे पाहा:

- गोटा पाच नारळांत धरलाय की वेगळा?
- संकल्प नेमका किती वाजता?
- विटा किती? (उत्तर: बारा, आणि एक पाटी वाळू.)
- दुसरे गुरुजी येणार का, म्हणजे आसनं आणि दक्षिणेची पाकिटं किती?

"लाह्या कसल्या?" असं विचाराल तर अर्धा तास जाईल. "लाह्या साळीच्याच ना?" असं विचारा.

फोन झाल्यावर वहीतल्या पानाचा फोटो त्यांना पाठवा. आमच्या गुरुजींनी त्यावर "दूर्वा 21 जुड्या नको, 21 दूर्वा" असं बोलून पाठवलं. ती चूक माझी मला कधीच दिसली नसती.

## 9. शेवटी दुकानाप्रमाणे यादी पाडा

विधीच्या क्रमाची यादी घेऊन बाजारात गेलात तर त्याच दुकानात तीनदा जाल. मी चार कागद केले. पूजा साहित्य आणि समिधा महाद्वार रोडला. धान्य आणि तांदूळ लक्ष्मीपुरीत. कोहळा, विड्याची पानं, केळी कपिलतीर्थ मार्केटात. फुलं आणि हार पहाटे शिंगोशी मार्केटात, आणि हा कागद दिराकडे, कारण तोच पहाटे उठतो. समिधांची तयार जुडी मिळते, पण ती दुकानातच सोडून नऊ मोजा. आमच्या जुडीत शमी नव्हती.

आणलेलं सामान परत विधीप्रमाणे लावायचं. सहा कागदी पिशव्या, प्रत्येकीवर वेळ. 12:40 च्या पिशवीत गोटा आणि बलीचं सामान, कोहळा शेजारी. आदल्या रात्री पिशव्या पाटाच्या उजव्या हाताला ओळीने ठेवल्या, गुरुजींनी मागितलं की जाऊ पुढची पिशवी सरकवायची.

सोमवारी पूर्णाहुती 1:15 ला झाली, ठरल्यापेक्षा पाच मिनिटं उशिरा. फक्त हवन सुरू होताना गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं. धूर फिरू नये म्हणून पंखे बंद केलेले, आणि अग्नी फुलवायला हातात काहीच नाही. शेवटी मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला. माझ्या वहीत आता 11:25 च्या ओळीत तो लिहिलेला आहे: हातपंखा, एक.